टीव्हीचा मॉनिटर करताना कडा कुठे जातात?

स्टार्टचे बटण

साताऱ्याला बहिणीकडे गेलो, तेव्हा भाच्याने नवा उद्योग दाखवला. सुटे भाग आणून जोडलेला कॉम्प्युटर त्याने घरातल्या ३२ इंची टीव्हीला एचडीएमआय केबलने लावला होता. मॉनिटरचे पैसे वाचले, म्हणून घरात कौतुकही चालले होते. चित्र पडद्याला नीट बसलेले दिसत होते. पण अक्षरांकडे पाहिले की काचेवर वाफ धरल्यासारखे वाटायचे. दोन हातांवरून वाचताना डोळे बारीक करावे लागत होते.

खोदून विचारल्यावर गोष्ट कळली. पहिल्या दिवशी खालचा टास्कबार जवळजवळ सगळाच पडद्याबाहेर गेला होता आणि खिडकी बंद करायची फुली दिसतच नव्हती. मग त्याने ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये शिरून एक सरकपट्टी ओढली, चित्र आत घेतले आणि कडा दिसू लागल्या. प्रश्न मिटला, असे त्याला वाटले. खरे तर एक चूक तशीच ठेवून तिच्यावर दुसरी चूक बसवली होती, आणि अक्षरांवरची वाफ त्या दोघींची मिळून होती.

कडा खाण्याची जुनी सवय

टीव्ही चित्राच्या कडा कापतो, याला ओव्हरस्कॅन म्हणतात. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. तिचे मूळ काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीत सापडते. त्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरून चित्र रंगवायचा. झोत नेमका कडेपर्यंत जाऊन थांबेल, याची खात्री कोणीच देऊ शकत नसे. सुटे भाग जुने झाले किंवा विजेचा दाब कमी झाला की चित्र आक्रसायचे. टीव्हीशेजारी स्टॅबिलायझर ठेवलेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना संध्याकाळी दाब उतरल्यावर चारी बाजूंनी आत येणारे चित्र आठवत असेल. कडेला काळी फट दिसू नये म्हणून कारखान्यातच चित्र पडद्यापेक्षा थोडे मोठे ठेवत. कडा चौकटीमागे लपत आणि चित्र थोडे आक्रसले तरी पडदा भरलेला राही.

प्रक्षेपण करणाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणून महत्त्वाची हालचाल मधल्या ९० टक्के भागात आणि अक्षरे मधल्या ८० टक्के भागात ठेवायची, असा जुना दंडक होता. बातम्यांची पट्टी अगदी कडेला न चिकटता थोडी वर का असायची, त्याचे उत्तर इथे आहे.

सपाट पडद्यात झोत नाही आणि आक्रसणेही नाही. प्रत्येक ठिपका आपल्या जागी पक्का बसवलेला आहे. तरी सवय टिकली, कारण टीव्हीला आत येणारा सिग्नल कोणाचा आहे हे नक्की कळत नाही. १९२० × १०८०, सेकंदाला ६० चित्रे, हा सिग्नल सेट-टॉप बॉक्सही पाठवू शकतो आणि कॉम्प्युटरही. एचडीएमआयमध्ये चित्राबरोबर एक छोटी चिठ्ठी जाते. ‘हे चित्र कापू नकोस’ असे तिच्यात लिहिता येते, पण अनेक टीव्ही ती वाचत नाहीत. मग टीव्ही आपल्या समजुतीप्रमाणे कडा कापतो आणि उरलेला भाग ताणून पडदाभर करतो.

कापणे थोडेच असते. समजा प्रत्येक बाजूने अडीच टक्के. १९२० ठिपक्यांच्या रुंदीतले डावीकडचे ४८ आणि उजवीकडचे ४८ गेले, उंचीतले वरचे २७ आणि खालचे २७ गेले. सिनेमा पाहताना कोणाच्या लक्षातही येत नाही. पण विंडोज १० चा टास्कबार ४० ठिपके उंच असतो. त्यातले २७ गेले की १३ उरतात. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली ४५-४६ ठिपके रुंद असते, ती सगळीच जाते. भाच्याच्या पडद्यावर नेमके हेच झाले होते.

चित्राच्या वाटेवरचे तीन हात

कॉम्प्युटरमधून निघालेले चित्र डोळ्यांपर्यंत येईतो त्याचा आकार तीन ठिकाणी बदलू शकतो. पहिले ठिकाण म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममध्ये निवडलेले रिझोल्यूशन. दुसरे ग्राफिक्स ड्रायव्हर, जो ते चित्र दुसऱ्या आकारात बसवून पाठवू शकतो. तिसरा टीव्ही, जो आलेले चित्र कापतो, ताणतो किंवा आपल्या पडद्याच्या ठिपक्यांत बसवतो.

कॉम्प्युटरचा एक ठिपका पडद्याच्या एकाच ठिपक्यावर पडावा, एवढेच आपल्याला हवे असते. सिनेमात एक ठिपका सव्वा ठिपक्यावर पसरला तरी कळत नाही. अक्षरांचे तसे नाही. ‘ळ’ किंवा ‘क्ष’ची रेघ एक-दोन ठिपक्यांची असते. ती दोन शेजाऱ्यांत वाटली गेली की काळ्याचे राखाडी होते, आणि वाचणाऱ्याला वाटते की आपला चष्मा बदलायला झाला.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी टीव्हीचा हात थांबवायचा, मग रिझोल्यूशन पडद्याइतके करायचे, आणि ड्रायव्हरला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. बहुतेक जण उलटे करतात, कारण माऊस हातात असतो आणि रिमोट शोधावा लागतो.

आधी तपासचित्र

अंदाजाने बटणे दाबण्याआधी दहा मिनिटे खर्चून एक चित्र तयार करावे. विंडोजच्या पेंटमध्ये `Ctrl+E` दाबले की कागदाचे माप विचारणारी खिडकी उघडते. तिथे सध्या पाठवत असलेले माप द्यावे, म्हणजे बहुधा १९२० × १०८०. मग अगदी कडेने एका ठिपक्याची लाल चौकट काढावी. डाव्या कडेपासून १०, २०, ३०, ४०, ५० आणि ६० ठिपक्यांवर एकेक उभी रेघ आणि तिच्याशेजारी तिचा आकडा. वरच्या कडेपासून तशाच आडव्या रेघा. मधोमध `Shift` धरून एक मोठे वर्तुळ. एका कोपऱ्यात, भिंगाने मोठे करून, एक काळी एक पांढरी अशा एकेका ठिपक्याच्या काही उभ्या रेघा. हे चित्र पीएनजी म्हणून साठवावे. जेपीजीत बारीक रेघा आधीच फिसकटतात. मग ते पूर्ण पडद्यावर उघडावे.

आता टीव्हीजवळ जाऊन वाचायचे. लाल चौकट चारी बाजूंनी दिसली तर कडा कापल्या जात नाहीत. डावीकडे ५० ची रेघ दिसते आणि ४० ची दिसत नाही, म्हणजे चाळीस ते पन्नासच्या मध्ये कुठेतरी कात्री लागली आहे. वर्तुळाची रुंदी आणि उंची फूटपट्टीने मोजावी. नुसते डोळ्यांवर जाऊ नये, कारण डोळा लंबगोलाला लवकर सरावतो. शेवटी बारीक रेघांचा कोपरा पाहावा. रेघा स्वच्छ काळ्या-पांढऱ्या दिसल्या तर ठिपक्यावर ठिपका बसला. मळका राखाडी ठोकळा किंवा लाटांसारखे पट्टे दिसले, तर वाटेत कोणीतरी चित्राचा आकार बदलतो आहे.

कॉम्प्युटरच्या बाजूचीही एक तपासणी आहे. विंडोज ११ मध्ये `Settings > System > Display > Advanced display` इथे दोन ओळी असतात: `Desktop mode` आणि `Active signal mode`. विंडोज १० मध्ये त्यांची नावे `Desktop resolution` आणि `Active signal resolution` आहेत. पहिली ओळ म्हणजे आपण निवडलेले माप, दुसरी म्हणजे केबलमधून खरोखर जाणारे. दोन्ही आकडे वेगळे असतील तर ड्रायव्हर मध्ये पडला आहे. मात्र सरकपट्टीने चित्र आत ओढलेले असेल तर ते इथे उमटत नाही. आकडे सारखेच दिसतात. त्यासाठी ड्रायव्हरचे पॅनेलच उघडून पाहावे लागते.

टीव्हीच्या मेनूत

कडा कापू नकोस असे सांगणारे बटण बहुतेक टीव्हींत असते, पण प्रत्येक कंपनीने त्याचे बारसे वेगळे केले आहे. एलजीच्या टीव्हीत `Just Scan` शोधावे. सॅमसंगच्या जुन्या संचांत `Screen Fit`, नव्यांत `Picture Size` खाली `Fit to Screen`. सोनीत `Display Area` मध्ये `Full Pixel`. फिलिप्सच्या अनेक संचांत `Unscaled`, शार्पमध्ये `Dot by Dot`. काही टीव्ही सरळ `Overscan` असे लिहून `On` आणि `Off` देतात, ते मला सर्वांत प्रामाणिक वाटतात. नाव काहीही असो, ते चित्राच्या मेनूत गुणोत्तराच्या जवळपास सापडते. रिमोटवर `P.SIZE`, `ASPECT` किंवा `WIDE` असे बटण असेल तर थेट तिथेच पोहोचता येते.

तिथे `Zoom` नावाचाही पर्याय असतो. तो निवडलेला असेल तर कात्री अडीच टक्क्यांवर थांबत नाही, डोके आणि पाय दोन्ही जातात. हे कधी कधी लहान मुलांच्या हातून होते आणि महिनाभर कोणाला कळत नाही.

दुसरा रस्ता इनपुटच्या नावातून जातो. एलजी आणि सॅमसंगच्या पुष्कळ टीव्हींत एचडीएमआय १ या इनपुटला नाव देता येते, आणि त्या यादीत `PC` असते. हे नुसते लेबल नाही. `PC` म्हटले की टीव्ही मॉनिटरसारखा वागतो, म्हणजे कडा कापत नाही आणि चित्रावर करत असलेली पुष्कळशी रंगरंगोटीही बंद करतो. मेनूत योग्य बटण दिसत नसेल तर आधी हे नाव बदलून पाहावे. कधी कधी हवे ते बटण त्यानंतरच जागे होते.

एक खोच मात्र लक्षात असू द्यावी. बरेच टीव्ही ही निवड प्रत्येक इनपुटसाठी, आणि काही तर प्रत्येक रिझोल्यूशनसाठी, वेगळी लक्षात ठेवतात. एचडीएमआय १ वर बसवलेली घडी केबल एचडीएमआय २ मध्ये घातली की विस्कटते. ‘काल नीट होते, आज परत बिघडले’ ही तक्रार आली की मी आधी केबल कुठे आहे ते पाहतो.

काळ्या पट्ट्या

प्रत्येक काळी पट्टी ही चूक नसते. सिनेमे पुष्कळदा २.३९ ला १ या रुंद चौकटीत काढलेले असतात. १९२० रुंदीच्या पडद्यावर त्यांना सुमारे ८०३ ठिपके उंची लागते, आणि वर-खाली साधारण १३८ ठिपक्यांच्या पट्ट्या राहतात. त्या घालवायच्या तर चित्र तरी कापायचे किंवा माणसे तरी उंच करायची. त्या तशाच राहू द्याव्यात.

डेस्कटॉपच्याच डाव्या-उजव्या बाजूला पट्ट्या असतील तर पडद्याचे आणि पाठवलेल्या चित्राचे गुणोत्तर जुळत नाही. सर्रास आढळणारे कारण म्हणजे लॅपटॉप जोडताना `Duplicate` निवडलेले असते. १९२० × १२०० पडद्याचा लॅपटॉप १६:१० असतो आणि टीव्ही १६:९. तेच चित्र १०८० उंचीत बसवले की त्याची रुंदी १७२८ होते आणि दोन्हीकडे ९६ ठिपके काळे राहतात. `Win+P` दाबून `Second screen only` किंवा `Extend` निवडले, टीव्हीला १९२० × १०८० दिले, की पट्ट्या जातात. इथे टीव्हीच्या मेनूत ताणण्याचा पर्याय शोधत बसणे म्हणजे पायात बूट होत नाही म्हणून बोटे दुमडण्यासारखे आहे.

चारी बाजूंनी काळी चौकट दिसली तर मात्र संशय सरळ ड्रायव्हरवर घ्यावा. काही ग्राफिक्स ड्रायव्हर टीव्ही दिसला की तो कडा कापणारच, असे गृहीत धरून चित्र आधीच आत घेत. एएमडीच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये ही खोड होती. आताच्या सॉफ्टवेअरमध्ये `Display` विभागात `HDMI Scaling` नावाची सरकपट्टी असते, ती `0%` वर हवी. इंटेलच्या `Graphics Command Center` मध्ये `Scale` खाली `Centered` किंवा स्वतः ठरवलेले माप निवडले गेले असेल तर तिथेही अशीच चौकट उमटते. एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये `Adjust desktop size and position` उघडून आकार बदलण्याची खूण काढून टाकावी.

ताणलेले चित्र

माणसे बुटकी आणि रुंद दिसतात, वर्तुळ आडवे पसरते. तपासचित्रातले वर्तुळ ३० सेंटिमीटर उंच आणि ४० रुंद भरले, तर उत्तर जवळपास हातात आले. ४:३ चे चित्र १६:९ मध्ये ताणले की रुंदी बरोबर एक-तृतीयांशाने वाढते. कॉम्प्युटर ८०० × ६०० किंवा १०२४ × ७६८ पाठवतो आहे आणि टीव्ही ते पडदाभर करतो आहे.

मग तो इतके जुने माप का पाठवतो, हे शोधायचे. विंडोज नव्याने टाकल्यावर ग्राफिक्स ड्रायव्हर टाकायचा राहून गेला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये `Microsoft Basic Display Adapter` असे नाव दिसते, आणि रुंद मापे यादीत नसण्याची शक्यता मोठी. खरा ड्रायव्हर टाकला की यादी भरते. दुसरे कारण केबलमध्ये असते. टीव्ही आपल्याला कोणती मापे चालतात ती माहिती कॉम्प्युटरला कळवतो. जुन्या निळ्या व्हीजीए केबलमध्ये हे बोलणे १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून होते. स्वस्त केबलमध्ये त्या तारा नसतात किंवा पिन वाकलेली असते. मग कॉम्प्युटरला समोर काय आहे ते कळत नाही आणि तो जुने, बिनधोक माप पाठवत राहतो. ड्रायव्हर बरोबर, टीव्ही बरोबर, तरी १०२४ × ७६८ च्या वर सरकत नाही, असे झाले की केबल बदलून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

जुन्या गेमची गोष्ट उलटी. तो ४:३ साठीच बनवलेला असतो. ड्रायव्हरमध्ये `Aspect ratio` राखण्याचा पर्याय निवडावा आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आनंदाने स्वीकाराव्यात. १९२० × १०८० वर त्या २४० ठिपक्यांच्या भरतात.

१३६६ चा घोळ

आता भाच्याच्या टीव्हीकडे येऊ. खोक्यावर ‘एचडी रेडी’ लिहिले होते. ३२ इंची असे बरेच संच १९२० × १०८० चा सिग्नल घेतात, पण त्यांचा पडदा १३६६ × ७६८ ठिपक्यांचाच असतो. म्हणजे कडा न कापता पाठवले तरी चित्र लहान करूनच दाखवले जाणार. आमच्याकडे तर तीन ठिकाणी शिवण घातली होती. ड्रायव्हरने १९२० चे चित्र दाबून १८२४ मध्ये बसवले आणि भोवती काळी चौकट भरली. टीव्हीने ती चौकट कापून टाकली. मग उरलेले १८२४ ठिपके त्याने १३६६ मध्ये कोंबले. एकूण हिशेबात डेस्कटॉपच्या दर शंभर ठिपक्यांना पडद्यावर जेमतेम ७१ मिळाले. त्यात मराठीतली वेलांटी आणि रफार कसे टिकणार?

मी पहिली गोष्ट केली ती ड्रायव्हरची सरकपट्टी शून्यावर आणण्याची. टास्कबार पुन्हा गायब. “मामा, आधीच बरं होतं की!” भाचा म्हणाला, आणि बहीणही चहा ठेवता ठेवता डोकावून गेली. मग रिमोट घेतला. गुणोत्तराच्या बटणावर `Auto`, `4:3`, `16:9`, `Zoom1` आणि `Zoom2` एवढेच. कडा न कापण्याचे बटण नाही, इनपुटला नाव देण्याची सोय नाही. टीव्हीचा हात थांबवायचा सरळ मार्ग बंद होता.

अशा वेळी एक आडवाट असते. १९२० × १०८० आणि १२८० × ७२० ही टीव्हीच्या दुनियेची मापे आहेत, ती दिसली की टीव्ही कात्री घेतो. १३६० × ७६८ हे फक्त कॉम्प्युटरचे माप आहे, कोणताही सेट-टॉप बॉक्स ते पाठवत नाही. म्हणून पुष्कळ टीव्ही या मापाला कात्री लावतच नाहीत.

१३६० का, १३६६ का नाही? ७६८ उंचीला १६:९ ने रुंदी १३६५.३३ येते, म्हणून पडदा १३६६ चा केला. पण टीव्ही आपली मापे ज्या ठरावीक नमुन्यात कळवतो, त्यातल्या छोट्या नोंदीत रुंदी आठच्या पटीतच लिहिता येते. १३६६ ला आठने भाग जात नाही, १३६० ला जातो. सविस्तर नोंदीत १३६६ लिहिता येते, पण ती टीव्हीने दिलेली असली तर. सहा ठिपक्यांनी हुकलेली ही जोडी म्हणूनच इतक्या घरांत भेटते.

डिस्प्लेच्या यादीतून १३६० × ७६८ निवडले. चित्र बदलले, पण कडा अजून कापलेल्याच आणि अक्षरे आणखी जाड. इथे बरेच जण हात टेकतात. मी `Advanced display settings` उघडले. डेस्कटॉप १३६० × ७६८ आणि सिग्नल मात्र १९२० × १०८०. ड्रायव्हर आमचे छोटे चित्र फुगवून जुन्याच मापात पाठवत होता, आणि टीव्हीला बदल कळलाच नव्हता. त्याच पानावरून `Display adapter properties` मध्ये जाऊन `List All Modes` दाबले आणि यादीतून `1360 by 768 ... 60 Hertz` ही ओळ घेतली. पडदा क्षणभर काळा झाला आणि कडा परत आल्या. आता सिग्नलच्या ओळीतही १३६० × ७६८ होते.

तपासचित्र नव्या मापात पुन्हा केले. लाल चौकट पूर्ण दिसली. दोन्ही बाजूंना केसासारखी काळी रेघ होती, तीन-तीन ठिपक्यांची. काही टीव्ही ही फट न ठेवता १३६० ला १३६६ वर ताणतात. तसे झाले तर बारीक रेघांच्या ठोकळ्यात मधे मधे मळके पट्टे दिसतात. आमच्याकडे ते नव्हते. भाच्याची एकच कुरकुर होती की सगळे मोठे दिसते आणि जागा कमी झाली. ते खरेच आहे. त्या पडद्यावर दहा लाखांहून थोडेच अधिक ठिपके आहेत. त्यात वीस लाखांचा डेस्कटॉप मावल्यासारखा दिसत होता, मावलेला नव्हता.

यादीत १३६० नसेल तर काही ड्रायव्हर स्वतःचे माप बनवू देतात. एनव्हिडियात `Change resolution` खाली `Customize` मध्ये हे होते. टीव्हीला न झेपणारे माप गेले तर पडदा काळा पडतो. घाबरून बटणे दाबू नयेत. नेहमीच्या डिस्प्ले सेटिंगमधून केलेला बदल कायम ठेवायला होकार दिला नाही, तर विंडोज १५ सेकंदांत जुने माप परत आणते.

टीव्ही ऐकतच नसेल तर

मेनूत बटण नाही, `PC` नाव नाही, १३६० चालत नाही, असेही संच असतात. मग ड्रायव्हरने चित्र आत घेणे हाच उपाय उरतो. अक्षरांची धार जाणार हे मान्य करून तो करावा, पण मोजून करावा. तपासचित्रात डावीकडे ४८ आणि वर २७ कापले जात असतील तर तेवढेच आत यावे. जास्त ओढले तर काळी फट राहते. लिनक्सवर, एएमडीचे ग्राफिक्स आणि एक्स११ असेल, तर ते आकडे सरळ देता येतात. आधी नुसते `xrandr` लिहून बाहेर जाणाऱ्या तोंडाचे नाव पाहावे. खाली ते `HDMI-1` धरले आहे.

```
xrandr --output HDMI-1 --set underscan on
xrandr --output HDMI-1 --set "underscan hborder" 48
xrandr --output HDMI-1 --set "underscan vborder" 27
```

टीव्हीचा दडलेला सर्व्हिस मेनू उघडायचे गुप्त आकडे कोणीतरी सुचवतोच. त्यात कडांची मापे कधी कधी असतात, हे खरे. पण तिथेच पडद्याचा प्रकार ठरवणारी नोंदही असते. ती चुकून बदलली तर चित्र उलटे होऊ शकते किंवा जाऊच शकते, आणि मग परत यायला मेनूही दिसत नाही. टास्कबारच्या २७ ठिपक्यांसाठी मी तो धोका पत्करणार नाही.

कडा जुळल्या, तरी अक्षरे?

सगळे माप बरोबर, बारीक रेघाही स्वच्छ, तरी अक्षरांभोवती पांढरी झालर दिसते. हा टीव्हीच्या `Sharpness` चा उपद्व्याप. तो कडांवर मुद्दाम उजेड टाकतो. सिनेमात ते खपते, अक्षरांवर नाही. कमी करत जावे आणि झालर नाहीशी झाली की थांबावे. तो आकडा शून्यच असेल असे नाही. काही टीव्ही शून्यावर चित्र उलट धूसर करतात.

काळी अक्षरे ठीक पण निळ्यावर लिहिलेली लाल अक्षरे विरघळल्यासारखी दिसली, तर रंगाची माहिती वाटेत अर्धी झाली आहे. ड्रायव्हरमध्ये रंगाचा नमुना `RGB` किंवा `YCbCr444` हवा, आणि अनेक टीव्हींत तो पूर्ण वापरला जावा म्हणून इनपुटला `PC` नाव द्यावेच लागते. काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा गडद भाग एकमेकांत मिसळत असतील, तर कॉम्प्युटरचे `Full` आणि टीव्हीचे `Limited`, किंवा त्याउलट, अशी गाठ पडली आहे. दोन्हीकडे सारखे करावे.

साताऱ्याच्या टीव्हीत `Sharpness` ५० होता. तो १० वर आणला, तेव्हा भाच्याने निमूटपणे चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा घातला. चष्म्याचा नंबर तोच होता.